कॉलवर टायपिंगची खटखट: माइक कुठे ठेवायचा, नॉइज सप्रेशन किती लावायचं

प्रश्न: मी घरून काम करते. क्लायंटबरोबरच्या कॉलवर मिनिट्स मलाच टाइप करावी लागतात आणि मध्ये मध्ये बोलावंही लागतं, त्यामुळे सारखं म्यूट करून चालत नाही. लॅपटॉपचाच माइक वापरते. सगळे म्हणायचे, कीबोर्डचा आवाज फार येतो. म्हणून झूममध्ये नॉइज सप्रेशन High केलं, तर आता म्हणतात तुझे शब्दच तुटतात. नेमकं काय करू? चांगला माइक विकत घ्यावा लागेल का?

उत्तर:

आधी माइक तोंडापाशी आणा आणि मग सप्रेशन High वरून Low वर उतरवा. महागाचा माइक लागणार नाही. वायरचा साधा इअरफोन घरात असेल तर आजच फरक पडेल. रोजचे दोन-तीन तास कॉलवर जात असतील तर तोंडापुढे दांडी येणारा यूएसबी हेडसेट घ्या, म्हणजे हा विषय कायमचा संपेल. ऑनलाइन वर्ग आणि मुलाखती रेकॉर्ड करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तुमच्यासारखी तक्रार आली की मी सेटिंगला हात लावण्याआधी टेप घेऊन अंतरं मोजतो.

तुमच्याकडेही तेच करून बघू. बऱ्याच लॅपटॉपमध्ये माइक स्क्रीनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना असतो. दोन बारीक छिद्रं दिसतील. तिथून तुमचं तोंड साधारण 55 सेंटिमीटरवर असतं आणि कीबोर्डची मधली बटणं जेमतेम 20 सेंटिमीटरवर. म्हणजे माइकच्या दृष्टीने तुम्ही लांब बसलेल्या आहात आणि कीबोर्ड त्याच्या मांडीवर आहे. उघड्यावर आवाजाचं गणित असं चालतं की अंतर दुप्पट झालं की पातळी 6 डेसिबलने उतरते. या हिशेबाने लॅपटॉपचा माइक नुसत्या अंतरामुळे कीबोर्डला तुमच्या आवाजापेक्षा सुमारे 9 डेसिबल झुकतं माप देतो. 10 डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो, हे लक्षात घेतलं तर समोरच्यांना काय ऐकू येत असेल याचा अंदाज येईल.

आता तोच माइक तोंडापासून 4 सेंटिमीटरवर आणला असं धरा. कीबोर्ड त्याच्यापासून 45 सेंटिमीटर लांब गेला. आता झुकतं माप तुमच्या आवाजाला, आणि तेही सुमारे 21 डेसिबलचं. एकूण 30 डेसिबलचा पालट, आणि अजून एकही सेटिंग बदललेलं नाही. खोलीतल्या भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात पूर्ण 30 मिळत नाहीत, पण 20 च्या पुढे सहज जातं. आवाजाला धक्का न लावता इतका फरक करून दाखवेल असं सॉफ्टवेअर मी तरी वापरलेलं नाही.

लॅपटॉपच्या माइकचा दुसरा दोष अंतराच्या गणितात दिसत नाही. माइक आणि बटणं एकाच सांगाड्यात बसवलेली असतात. बटण तळाला आपटलं की तो धक्का प्लॅस्टिकमधून किंवा पत्र्यातून थेट माइकपर्यंत जातो, हवेतून जाण्याची त्याला गरजच नसते. हे तपासायला सोपं आहे. रेकॉर्डिंग सुरू करा आणि लॅपटॉपवर मनगट टेकतं त्या जागी बोटाच्या पेराने हळूच टकटक करा, मग तितक्याच जोराने शेजारच्या पुस्तकावर करा. पहिला आवाज घुमटातून आल्यासारखा जाड आणि मोठा येत असेल, तर तुमच्या खटखटीतला मोठा वाटा सांगाड्यातून येतोय. अशा वेळी माइकने सांगाडा सोडणं हाच उपाय. माइक तिथेच ठेवायचा असेल तर निदान टायपिंग तिथून हलवा: वेगळा कीबोर्ड लावा, तोही लॅपटॉपच्या पुढ्यात, जाड माउसपॅडवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर.

‘माझ्या लॅपटॉपला दोन माइक आहेत, तो आवाजाची दिशा ओळखतो’ असं बरेच जण सांगतात. ते खरंही आहे, पण ते दोन माइक आडव्या रेषेत असतात. डावीकडून आलेला आवाज आणि उजवीकडून आलेला आवाज यांत ते फरक करू शकतात. वरून आणि खालून आलेल्यांत नाही. तुमचं तोंड समोर मधोमध, कीबोर्डही समोर मधोमध, फक्त खाली. दोन्हींचा आवाज दोन्ही माइकना एकाच वेळी पोचतो, त्यामुळे त्या जोडीला दोघं एकाच दिशेला दिसतात. शेजारच्या टेबलावरची गडबड ती थोडी कमी करेल, तुमच्याच बोटांची नाही.

आता High लावल्यावर शब्द का तुटतात ते सांगतो, कारण हे कळलं की कुठली पायरी निवडायची ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

पंखा, एसी, फ्रिज यांचा आवाज एकसारखा असतो. सॉफ्टवेअर तुम्ही गप्प असताना तो ऐकून ठेवतं आणि नंतर तेवढा वजा करत राहतं. हे काम सोपं आहे आणि Low वरही नीट होतं. बटणाचा आवाज वेगळा. तो क्षणभराचा असतो, पुढचा कधी येईल ते ठरलेलं नसतं, आणि एका बटणाचे दोन आवाज होतात: दाबताना एक आणि सोडताना एक. शिवाय तो एका सुरात नसतो, जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत एकदम पसरतो. वजा करायला आधी ऐकून ठेवलेला नमुनाच हाताशी नसतो. म्हणून वरच्या पायऱ्यांवर सॉफ्टवेअर दुसरी रीत वापरतं. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात बोलणं किती आणि बाकीचं किती हे अदमासाने ठरवून बाकीचं दाबतं.

घोटाळा इथे होतो. आपल्या बोलण्यातही बटणासारखे दिसणारे आवाज भरपूर आहेत. क, च, ट, त, प उच्चारताना हवा क्षणभर अडते आणि फटकन सुटते. त्यात स्वराचा सूर नसतो, नुसता छोटा स्फोट असतो. ‘पटकन’, ‘चुकतं’, ‘टप्पा’, ‘कागदपत्रं’ हे शब्द तोंडाशी हात धरून म्हणून बघा, ते झटके हाताला लागतात. लांबच्या माइकवर हे स्फोट आधीच अशक्त पोचतात आणि बटणाचा आवाज ठणठणीत. दोन्ही एकाच तुकड्यात आले की High ही पायरी संशयाचा फायदा बोलण्याला देत नाही, दोन्ही दाबते. म्हणून ‘टप्पा’चा ‘अप्पा’ होतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो तिथले ‘नाही’, ‘आहे’ गायब होतात. मिनिट्स टाइप करता करता बोलणाऱ्या माणसाला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्याचं बोलणं आणि बटणं सतत एकमेकांवर पडत असतात.

तेव्हा सप्रेशनला कमीत कमी काम उरेल अशी व्यवस्था करायची. माइक जवळ आला की बोलण्यातले ते छोटे स्फोट ठसठशीत पोचतात, बटणं अंधुक होतात, आणि तेच सॉफ्टवेअर Low किंवा Medium वर चुका न करता काम करतं.

माइक नेमका कुठे ठेवायचा हे थोडं सविस्तर सांगतो, कारण हेडसेट घेऊनही पुष्कळ जण इथेच चुकतात. दांडीचा बोंडा ओठांच्या समोर नको. तो ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, गालापासून दोन बोटांवर आणि किंचित खाली असावा. अगदी समोर ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळतो आणि फट्ट फट्ट आवाज जातो. मग ‘आवाज फाटतो’ म्हणून लोक दांडी कपाळापर्यंत वर करतात किंवा हनुवटीखाली ढकलतात, आणि माइक पुन्हा 10-12 सेंटिमीटर लांब जातो. जागा बरोबर आहे का ते बघायला एक हात तोंडासमोर आडवा धरून ‘पाच फुटांवर फाटक’ असं म्हणा. झोत ज्या पट्ट्यात हाताला लागतो त्या पट्ट्याच्या बाहेर, पण त्याला लागूनच बोंडा हवा. काही हेडसेटच्या दांडीवर एका बाजूला छोटं छिद्र किंवा ठिपका असतो. ती बाजू तोंडाकडे वळवा. उलटी राहिली तर आवाज दबलेला जातो आणि कारण लवकर सापडत नाही.

वायरच्या इअरफोनचा माइक वायरीवरच्या छोट्या डबीत असतो. इअरफोन कानात घालून वायर सोडली की तो हनुवटीच्या खाली, तोंडापासून वीतभर खाली लटकतो. बूमइतका, म्हणजे दांडीच्या माइकइतका, चांगला नाही, पण लॅपटॉपच्या माइकपेक्षा कितीतरी बरा, आणि सांगाड्यातला धक्का तर पूर्ण सुटतो. त्याची खोड एकच: मान हलली की डबी कॉलरवर, ओढणीवर किंवा मंगळसूत्रावर घासते आणि खरखर जाते. कपडे वाळत घालायचा छोटा चिमटा किंवा टायपिन घेऊन वायर कुडत्याच्या गळ्याशी अशी अडकवा की डबी थोडी पुढे, मोकळी राहील. डबी हातात धरून तोंडाशी नेऊ नका. बोटांचा आवाज बटणांपेक्षा वाईट येतो.

इअरफोन लावूनही आवाज लॅपटॉपच्याच माइकमधून जात असेल तर जॅक बघा. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात आणि धातूचे चार भाग. लॅपटॉपला एकच जॅक असेल आणि त्याशेजारी माइकसकट हेडसेटचं चित्र असेल तर तो चालतो. जुन्या डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतात. तिथे ऐकू येईल, पण माइक लागणार नाही. त्यासाठी दोन तोंडांचं छोटं कनेक्टर मिळतं. आणि झूममध्ये ऑडिओ सेटिंगला जाऊन Microphone समोर नेमका कुठला माइक निवडलाय हे डोळ्यांनी बघा. खात्री करायची तर इअरफोनच्या डबीवर नखाने हलकं टिचवा. झूममधली माइकची पातळी दाखवणारी पट्टी उडाली पाहिजे.

कानात घालायच्या ब्लूटूथ इअरबड्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हातात आधी तेच येतात म्हणून सांगतो. त्यांचा माइक कानाशी असतो, तोंडापासून 10-12 सेंटिमीटर मागे, म्हणजे अंतर इअरफोनइतकंच किंवा थोडं बरं. पण नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाजाची प्रत उतरते आणि वर त्यांचं स्वतःचं सप्रेशन चालू असतं, बहुतेक वेळा बंद न करता येणारं. मोबाइलवरच्या गप्पांना ठीक. रोज क्लायंटशी बोलायचं असेल तर वायर बरी.

माइक जवळ आला की त्याची पातळी खाली आणायला विसरू नका. हे राहिलं तर केलेली मेहनत अर्धी वाया जाते. लांबच्या माइकसाठी विंडोजमध्ये अनेकदा आवाज आणखी वाढवणारा बूस्ट चढवलेला असतो, आणि झूम स्वतःही पातळी वरखाली करत असतं. तुम्ही गप्प बसून टाइप करता तेव्हा त्याला वाटतं की आवाज कमी येतोय, ते पातळी वाढवतं, आणि वाढलेल्या पातळीत बटणं धडाधड वाजतात. तुम्ही बोलायला लागलात की ते पुन्हा खाली येतं. समोरच्याने ‘तू बोलत नसतेस तेव्हाच कीबोर्ड जास्त येतो’ असं सांगितलं तर हेच कारण समजा. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये Automatically adjust microphone volume हा टिक काढा. मग विंडोजमध्ये Windows आणि R एकदम दाबून हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या खिडकीत Recording, मग तुमचा माइक, Properties, आणि Levels. तिथे Microphone Boost दिसत असेल तर शून्यावर आणा. वरची पट्टी 70-80 च्या आसपास ठेवून नेहमीच्या आवाजात बोला आणि झूममधली पट्टी मधोमध ते दोन तृतीयांश उडते का बघा. कमी वाटली तर आधी विंडोजमधली पट्टी वाढवा, बूस्ट सगळ्यात शेवटी.

आता सप्रेशनची पायरी. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये Background noise suppression खाली Auto, Low, Medium, High अशा पायऱ्या मिळतात. Low एकसारख्या मंद आवाजांसाठी आहे, Medium पंखा आणि पेनाची टकटक अशा आवाजांसाठी, आणि High टायपिंग, कुत्र्याचं भुंकणं वगैरेंसाठी. ‘टायपिंग’ हा शब्द High शी जोडलेला दिसतो म्हणूनच लोक थेट तिथे उडी मारतात, तुम्हीही तेच केलं असणार. पण ते वर्गीकरण माइक कुठे आहे हे न बघता केलेलं आहे. माइक तोंडाशी असेल तर Low पासून सुरुवात करा. बटणं अजून स्पष्ट येत असतील तर Medium. माझ्याकडच्या बहुतेक लोकांचं काम Medium वर थांबतं. Auto तुमच्यासारख्या कामाला मी देत नाही, कारण कॉलच्या मधे ते स्वतःहून वर चढतं आणि वाक्याच्या मधेच आवाजाचा पोत बदलतो.

टीम्सवर असाल तर Settings मध्ये Devices खाली Noise suppression सापडेल. तिथेही Low हे पंखा-एसीसारख्या सततच्या आवाजासाठीच आहे आणि वरच्या पायऱ्या बोलण्याखेरीज सगळं काढायला बघतात. तिथलं Voice isolation हे तुमच्या आवाजाचा नमुना घेऊन फक्त तुम्हालाच पुढे सोडतं. घरात दुसरं कोणी बोलत असेल तर त्याचा खरा उपयोग. गुगल मीटमध्ये पायऱ्या नाहीत, Noise cancellation एक तर चालू नाहीतर बंद. माइक जवळ आणून चालू ठेवा. मॅकवर झूम किंवा मीट चालू असताना वरच्या पट्टीतून Mic Mode मध्ये Voice Isolation निवडता येतं. ते निवडलं तर अॅपमधलं सप्रेशन Low वर ठेवा.

यामागचा नियम असा की गाळणी एकच हवी. हेडसेटचं स्वतःचं सप्रेशन, लॅपटॉप कंपनीचं एक, विंडोजच्या ऑडिओ एन्हान्समेंटचं एक आणि वर झूमचं, असे चार थर मी एकाच लॅपटॉपवर पाहिले आहेत. पहिल्या गाळणीने बटणाचा आवाज अर्धवट कापला की उरलेला तुकडा बटणासारखा दिसतच नाही, मग दुसरी गोंधळते आणि तुमचा आवाज कापते. माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागलं की समजा गाळण्या जास्त झाल्या. अॅपमधली ठेवा, बाकीच्या बंद करा. बंद करण्याची जागा लॅपटॉपच्या ऑडिओ प्रोग्रॅममध्ये आणि त्याच Properties च्या खिडकीत असते.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका ताईंचं हेच काम केलं, ते सांगतो म्हणजे चित्र पुरं होईल. त्या घरून ऑनलाइन मुलाखती घेतात आणि उमेदवाराची उत्तरं तिथल्या तिथे टाइप करतात. डायनिंग टेबल, लॅपटॉपचा माइक, झूम High वर. उमेदवारांची तक्रार अशी की प्रश्नाची सुरुवातच ऐकू येत नाही. आम्ही सप्रेशनशिवायचं रेकॉर्डिंग केलं आणि ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघितलं. त्यांच्या बोलण्याची शिखरं -20 डेसिबलच्या आसपास होती आणि बटणांची -16. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा, म्हणजे बटणं बोलण्यापेक्षा वरचढ. शिवाय टेबलाची फळी पातळ होती, कप ठेवला तरी आवाज यायचा.

त्यांच्याकडे मोबाइलबरोबर आलेला वायरचा इअरफोन होता. तो गळ्याशी चिमट्याने लावला, लॅपटॉपखाली सतरंजीची घडी घातली, बूस्ट काढला. पुन्हा तेच वाक्य, तेच टायपिंग. बोलणं -14, बटणं -28. आधी 4 ने मागे होत्या, आता 14 ने पुढे. झूम Medium वर ठेवलं आणि मी दुसऱ्या खोलीत मोबाइलवर जोडून ऐकलं. त्या थांबल्या की बटणं ऐकू येत नव्हती. बोलता बोलता टाइप केलं की शब्दांमागे अगदी बारीक टिकटिक यायची, पण शब्द पूर्ण होते. महिन्याभराने त्यांनी बूमचा हेडसेट घेतला. त्यावर बोलणं -12 आणि बटणं -33 आली, आणि आम्ही Low वर उतरलो. Medium आणि Low मध्ये बटणांचा फरक मला ऐकूच आला नाही. आवाजातला मात्र आला, Low वर तो भरलेला, माणसासारखा येत होता.

तुमच्याकडे टेबलावर ठेवायचा यूएसबी माइक आधीच असेल किंवा हेडसेट घालून डोकं दुखत असेल, तर तोही चालतो, पण तो कीबोर्डच्या पलीकडे स्क्रीनसमोर ठेवू नका. जवळपास सगळे जण तिथेच ठेवतात आणि तिथे तो लॅपटॉपच्या माइकसारखाच वागतो. अशा माइकला बहुतेक वेळा कार्डिऑइड ही दिशा असते: समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं सगळ्यात कमी. तेव्हा तोंड आणि कीबोर्ड यांच्या मधे, एका बाजूने, तोंडापासून वीतभर अंतरावर तो आणायचा आणि त्याची पाठ कीबोर्डकडे करायची. त्यासाठी वाकणारी दांडी लागते. समोरची बाजू कुठली ते आधी तपासा. बऱ्याच उभ्या माइकमध्ये आवाज टोकातून नाही, बाजूच्या जाळीतून आत जातो, आणि लोक टोकाशी बोलत बसतात. दांडी कीबोर्डच्याच टेबलाला चिमटवली तर धक्का तिच्यातून वर चढतो. शेजारच्या कपाटाला किंवा खिडकीच्या कट्ट्याला लावता आली तर उत्तम, नाहीतर चिमट्याखाली रबराचा तुकडा घाला आणि कीबोर्डखाली जाड कापड.

कीबोर्ड बदलावा का? निळ्या स्विचचा क्लिक करणारा मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर कॉलच्या वेळी तो बाजूला ठेवा, त्याचा क्लिक मुद्दाम ऐकू यावा म्हणूनच केलेला असतो. साधा मेंब्रेनचा असेल तर बदलून फारसं हाती लागणार नाही. त्यापेक्षा स्पेस आणि एंटर हळू दाबायची सवय लावा. मोठी बटणं असल्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात उंच शिखरं त्या दोघांचीच दिसतात.

आणि समोरचा सलग दहा मिनिटं बोलतोय, तुम्ही नुसतं लिहून घेताय, अशा वेळी मात्र म्यूटच करा. झूममध्ये Alt+A, टीम्समध्ये Ctrl+Shift+M, मीटमध्ये Ctrl+D. झूममध्ये म्यूट असताना स्पेस दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक सुरू होतो, पण झूमची खिडकी पुढे असेल तरच. तुम्ही वर्डमध्ये टाइप करत असाल तर स्पेसने वर्डमध्ये मोकळ्या जागाच पडत जातील. म्हणून तुमच्यासाठी Alt+A बरा. झूमच्या Keyboard Shortcuts मध्ये त्याच्यासमोर Enable Global Shortcut ला टिक केलं की वर्डमधूनही तो चालतो. वायरच्या हेडसेटच्या डबीवर म्यूटचं बटण असेल तर ते सगळ्यात हातासरशी.

सगळं लावून झालं की कोणाला ‘ऐकू येतंय का’ विचारत बसू नका, लोक सौजन्याने हो म्हणतात. स्वतःच मीटिंग सुरू करा, मोबाइलवरून दुसऱ्या नावाने जोडून घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा नाहीतर आवाज घुमेल, आणि मीटिंग रेकॉर्डला लावा. दहा सेकंद गप्प बसा. दहा सेकंद गप्प राहून नेहमीच्या वेगाने टाइप करा. मग न टाइप करता ‘पटकन टाका, चुकीचा कप्पा उघडला तर कागदपत्रं परत तपासायची नाहीत’ हे म्हणा. शेवटी टाइप करता करता तेच वाक्य पुन्हा. लॅपटॉपवरचं हे रेकॉर्डिंग इतरांचे आवाज आणि झूमने गाळून पाठवलेला तुमचा आवाज धरून ठेवतं. ऐकताना इअरफोन लावा. चौथ्या तुकड्यात ‘पटकन’मधला ‘प’, ‘टाका’तला ‘टा’ आणि शेवटचं ‘नाहीत’ पूर्ण येत असतील, तर ती पायरी तुम्हाला बरोबर आहे, मग मागे थोडी टिकटिक उरली तरी चालेल. यातलं एक जरी तुटलं तर सप्रेशन एक पायरी खाली घ्या आणि माइक आणखी बोटभर जवळ आणा.